पुढच्या तासाचा पाऊस: रडारच्या चित्रावरून तो कसा ओळखतात आणि कोकणात तो कुठे चकवतो

ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता. म्हसळ्याजवळच्या शेतात आमच्या काकांचं भात कापून आडवं पडलेलं. दुपारी दीडला त्यांचा फोन आला, "अरे, जरा मोबाइलमध्ये बघ. दोन तास मिळतील काय? भारे बांधून घेतो." मी रडारचं चित्र उघडलं. कुलाब्यापासून हरिहरेश्वरापर्यंत सगळं कोरं, समुद्रावरही काही नाही. मी खात्रीने सांगितलं, मिळतील. दोन चाळीसला शेतात सरी कोसळत होत्या आणि काका, काकू, दोन गडी ताडपत्री घेऊन धावत होते.

चित्र खोटं नव्हतं. दीड वाजता खरंच कुठेही पाऊस नव्हता. माझी चूक वेगळी होती. त्या चित्राला जे सांगताच येत नाही, ते मी त्याच्याकडून वदवून घेतलं होतं. पण चूक नीट कळायची तर हा अंदाज बरोबर कसा येतो, तिथूनच सुरुवात करायला हवी. त्यासाठी ऑक्टोबर सोडून जुलैत जाऊ.

हवामान विभागाचा रोजचा अंदाज आणि हा तासाभराचा अंदाज या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. उद्या-परवाचा अंदाज संगणकातल्या प्रारूपावरून निघतो. वारा, दाब, तापमान, बाष्प यांची समीकरणं सोडवत ते प्रारूप हळूहळू पुढचे दिवस उलगडत जातं. पुढच्या तासाभरासाठी मात्र ते फारसं कामाचं नाही. आत्ता या क्षणी कुठल्या गावावर कुठली सर आहे हे त्याला नेमकं ठाऊक नसतं, आणि गणित सुटेपर्यंत सर बरसून गेलेली असते. म्हणून इथे उलटी वाट धरतात. आत्ता पडणारा पाऊस रडारवर बघायचा, तो कुठे सरकतोय ते मोजायचं आणि चित्र तसंच पुढे ढकलायचं. याला नाऊकास्ट म्हणतात. आपल्याकडे हवामान विभाग साधारण पुढच्या 3 तासांसाठी जिल्हावार नाऊकास्ट देतो. त्यात "तुरळक ठिकाणी" असं लिहिलेलं असतं ते उगीच नाही. जिल्ह्यातल्या फार तर चौथाई ठिकाणी पाऊस, असा त्याचा ठरलेला अर्थ आहे. आपल्या गावाचं काय, ते चित्रावरूनच बघावं लागतं.

रडार म्हणजे फिरती तबकडी. ती रेडिओलहरींचा एक झोत क्षणभर सोडते आणि मग कान देऊन बसते. झोत वाटेतल्या थेंबांवर आपटला की त्याचा अगदी थोडा भाग परत येतो. तो प्रतिध्वनी यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर कळतं, तबकडीचं तोंड कुठे होतं त्यावरून दिशा कळते आणि तो किती जोरदार आहे त्यावरून पावसाचा अंदाज येतो. तबकडी एक फेरी क्षितिजाजवळ मारते, मग तोंड थोडं वर करून दुसरी, आणखी वर करून तिसरी. अशा सगळ्या फेऱ्या मिळून आकाशाचं एक पूर्ण चित्र साधारण 10 मिनिटांत तयार होतं.

प्रतिध्वनीचा जोर dBZ या मापात सांगतात. 20 म्हणजे भुरभुर, 30 म्हणजे साधा पाऊस, 40 च्या वर जोरदार सर, 50 म्हणजे धो धो.

समजा जुलैतली दुपार आहे आणि आपण श्रीवर्धनला आहोत. 2 वाजून 10 मिनिटांच्या चित्रात पश्चिमेला समुद्रावर एक पट्टा दिसतो. त्याची पुढची कड गावापासून 40 किलोमीटरवर आहे. 2:20 च्या चित्रात तीच कड 32 किलोमीटरवर आणि 2:30 ला 24 वर. म्हणजे दर 10 मिनिटांना 8 किलोमीटर, तासाला 48. पावसाळ्यात अरबी समुद्रावरून येणारा वारा जोरात असला की सरी या वेगाने सहज येतात. उरलेले 24 किलोमीटर कापायला अर्धा तास लागेल, म्हणजे सर 3 च्या सुमारास पोचेल. पट्ट्याची रुंदी पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत 16 किलोमीटर असेल तर तो डोक्यावरून जायला 20 मिनिटं लागतील, 3:20 ला उघडीप. सगळं गणित तिसरीच्या पोराला जमेल असं.

संगणकही मुळात हेच करतो, फक्त डोळ्यांऐवजी मापाने. पहिल्या चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवून पावसाची आकृती गिरवायची. मग तो कागद दुसऱ्या चित्रावर ठेवून इकडेतिकडे सरकवत जायचं आणि कुठे ठेवला की आकृती सगळ्यात नीट जुळते ते शोधायचं. कागद जितका सरकवावा लागला ती पावसाची चाल. संगणक चित्राचे छोटे छोटे चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोनासाठी हा खेळ वेगळा खेळतो, कारण समुद्रावरची सर आणि घाटाजवळची सर एका वेगाने जात नाहीत. 1970 च्या दशकापासून वापरात असलेली ही युक्ती आजही बऱ्याच नाऊकास्टच्या मुळाशी आहे.

एक गैरसमज इथेच दूर करतो, कारण तो मी स्वतः बरीच वर्षं बाळगला होता. डॉप्लर रडार पावसाचा वेग मोजतं, मग चित्रं जुळवायची गरज काय, असं वाटतं. पण डॉप्लरला फक्त थेंब रडारच्या दिशेने येताहेत की दूर जाताहेत आणि किती वेगाने, तेवढंच कळतं. रडारच्या समोरून आडवा जाणारा पाऊस त्याच्या लेखी जागच्या जागी उभा असतो. शिवाय थेंब वाहून नेणारा वारा आणि अख्ख्या पट्ट्याची चाल एकच असेल असंही नाही. पट्टा कुठे चाललाय ते चित्रांवरूनच कळतं.

आता श्रीवर्धनच्या त्या गणितातल्या बारीक गोष्टी बघू, कारण फोनवर चित्र बघणारे आपण बहुतेक तिथेच फसतो. पहिली म्हणजे चित्राची वेळ. 2:30 चं चित्र आपल्या हातात पडेपर्यंत 2:42 झालेले असतात. फेरी पूर्ण व्हायला, चित्र तयार व्हायला आणि पानावर चढायला वेळ जातोच. तेवढ्या वेळात सर साधारण 10 किलोमीटर पुढे सरकलेली असते. चित्रात 24 किलोमीटर दिसत असले तरी प्रत्यक्षात ती 14 किलोमीटरवर आहे, आणि आपल्या हाती अर्धा तास नाही, 18 मिनिटं आहेत. म्हणून चित्राच्या कोपऱ्यातली वेळ आधी वाचायची. तिथे UTC, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, लिहिलं असेल तर त्यात साडेपाच तास मिळवायचे. हे विसरून दुपारचा पाऊस सकाळचा समजणारे लोक मी पाहिलेत.

दुसरी गोष्ट दिशा. चाल ठरवताना दिशेत 10 अंशांची चूक झाली तर 24 किलोमीटरवर सर 4 किलोमीटर बाजूला जाते. पट्टा रुंद असेल तर काही बिघडत नाही. पण 5 किलोमीटरचा एकटा ठिपका असेल तर तो श्रीवर्धनऐवजी दिवेआगरच्या बाजूला बरसतो आणि आपण कोरड्या अंगणात उभे राहून रडारला नावं ठेवतो. जितकं दूरचं बघाल तितकी ही चूक फुगते.

पण खरं कारण यापेक्षा खोल आहे. चित्र पुढे ढकलताना आपण एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते. पाऊस सरकतो, पण वाढत नाही, विरत नाही आणि नव्याने जन्मत नाही, असं आपण मानलेलं असतं. नाऊकास्ट जिथे जिथे फसतो, तिथे बहुतेक वेळा हे गृहीतक मोडलेलं असतं.

ते मोडायला लागणारा वेळ पावसाच्या आकारावर अवलंबून आहे. एकटी सर, तिचा व्याप चार-पाच किलोमीटरचा. तिचं आयुष्य साधारण अर्ध्या-पाऊण तासाचं. वर चढणारी दमट हवा तिला जगवते, आणि तिचाच पाऊस खाली कोसळताना थंड हवा घेऊन येतो आणि तो झरा तोडतो. अशी सर 40 किलोमीटर दूर दिसली तर ती आपल्यापर्यंत पोचेल की वाटेतच संपेल, ते सांगता येत नाही. बहुतेक संपतेच. याउलट समुद्रावरून दोनशे किलोमीटर लांबीचा पट्टा येत असेल तर त्यातल्या सुट्या सरी मरत-जन्मत राहतात, पण पट्टा कित्येक तास टिकतो. म्हणून चांगले नाऊकास्ट पुढे पुढे जाताना चित्रातला बारीकसारीक तपशील मुद्दाम पुसत जातात. पहिल्या 20 मिनिटांत "या गावी सर" असं म्हणता येतं. तासाभरानंतर "या भागात पाऊस" एवढंच प्रामाणिकपणे म्हणता येतं. तासानंतरच्या नकाशावर कुणी तुमच्या वाडीवर टोकदार लाल ठिपका दाखवत असेल तर त्या टोकाला अर्थ नाही.

आता आपला पट्टा श्रीवर्धनवरून पुढे पूर्वेला जाऊ द्या. महाड तिथून सरळ रेषेत सुमारे 40 किलोमीटर. त्याच वेगाने पाऊस तिथे 3:50 च्या सुमारास पोचेल आणि 4:10 ला संपेल, असं गणित सांगतं. महाडच्या माणसाने यावर विसंबून राहू नये.

कारण महाडच्या पाठीशी सह्याद्री आहे. समुद्रावरून आलेली बाष्पाने जड झालेली हवा सपाटीवरून येते, आणि मग हजार मीटर उंचीची भिंत तिला वर चढायला लावते. वर चढली की ती थंड होते, बाष्पाचं पाणी होतं, आणि जो पट्टा किनाऱ्यावर वीस मिनिटांत निघून गेला तोच इथे फुगतो. शिवाय डोंगर काही हलत नाही. वारा नव्या हवेला त्याच जागी वर ढकलत राहतो, त्यामुळे जुनी सर पुढे सरकली की तिच्या मागे, त्याच जागी, नवी सर जन्मते. रडारच्या चित्रात सुटे ठिपके पूर्वेकडे धावताना दिसतात, पण सगळ्यांचा मिळून झालेला लाल डाग मात्र जागचा हलत नाही. ट्रेसिंग पेपरने ठिपक्यांची चाल पकडली तर संगणक म्हणेल, वीस मिनिटांत उघडीप. प्रत्यक्षात सावित्रीच्या खोऱ्यात तो पाऊस दोन-तीन तास कोसळू शकतो.

हे फक्त घाटाच्या पायथ्याशीच होतं असं नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम 73. दोन ठिकाणांत पंचवीसेक किलोमीटरचंही अंतर नाही. सरी एरवीसारख्या येऊन निघून गेल्या असत्या तर एकाच शहरात असा फरक पडला नसता. पाऊस तासन्‌तास एकाच पट्ट्याला धरून बसला होता. पाऊस किती जोराचा आहे त्यापेक्षा तो किती वेळ एकाच जागी थांबणार आहे, हे पुरासाठी जास्त महत्त्वाचं असतं. आणि चित्र पुढे ढकलणारी रीत नेमकी याच प्रश्नावर सगळ्यात कच्ची आहे.

ही गोष्ट चित्रात ओळखता येते, थोडी सवय लागते इतकंच. शेवटची सहा-सात चित्रं एकामागून एक बघायची. आधी एका ठिपक्यावर नजर ठेवून तो कुठे जातो ते पाहायचं, आणि मग नजर सैल करून अख्ख्या डागाची मागची, म्हणजे वाऱ्याकडची कड पाहायची. ठिपके पुढे जाताहेत आणि मागची कडही पुढे येतेय, तर पाऊस जाणारा आहे. ठिपके पुढे जाताहेत पण मागची कड तिथेच आहे, तर मागून भर पडतेय. अशा वेळी उघडीप कधी, हे नाऊकास्टला विचारण्यात अर्थ नाही. नदीची पातळी विचारावी.

कोकणाची दुसरी अडचण आणखी वेगळी आहे. ती पावसाच्या नाही, रडारच्या नजरेच्या मर्यादेतून येते.

रडारचा झोत सरळ जातो, पृथ्वी मात्र गोल आहे. शिवाय जमिनीवर आपटू नये म्हणून सगळ्यात खालच्या फेरीतही तबकडी साधारण अर्धा अंश वर बघत असते. त्यामुळे झोत जसजसा दूर जातो तसतसा जमिनीपासून उंच उंच होत जातो. कुलाब्याच्या रडारचा सगळ्यात खालचा झोत मुरूडवरून जाताना सुमारे 800 मीटर उंचीवर असतो. श्रीवर्धनवर पोचेपर्यंत तो जवळजवळ दीड किलोमीटर वर गेलेला असतो, आणि गुहागरवर 3 किलोमीटर. झोत रुंदही होत जातो. श्रीवर्धनवर त्याची जाडी पावणेदोन किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे तिथे रडार एकेक सर नीट बघत नाही, आकाशाचा मोठा थर एका घासात मोजतं.

याने काय बिघडतं? विदर्भातल्या वळवाच्या ढगात हे चालून जातं. तो ढग दहा-बारा किलोमीटर उंच असतो, झोत तीन किलोमीटरवर असला तरी तो दिसतोच. कोकणातला जुलैचा पाऊस तसा नाही. तो बऱ्याचदा बुटक्या ढगांतून पडतो. गोठणबिंदू साधारण पाच किलोमीटरवर असतो, तिथपर्यंत न पोचताच थेंब थेंबाला मिळून मोठे होतात आणि पाऊस सुरू होतो. डोंगराजवळ तर वरून पडणारा थेंब खालच्या धुक्यासारख्या ढगातून जाताना आणखी पाणी गोळा करतो, म्हणजे पाऊस सगळ्यात जास्त वाढतो तो अगदी तळातल्या किलोमीटरभरात. दूरच्या रडारचा झोत नेमका त्याच्या वरून निघून जातो. गुहागरला कौलांवरून धारा लागलेल्या असतात, आणि कुलाब्याच्या चित्रात तिथे फिकट निळं काहीतरी दिसतं किंवा काहीच नसतं. म्हणून आपल्या गावाला कुठलं रडार जवळचं आहे हे आधी ठरवायचं. दक्षिण कोकणात पणजीचं चित्र बघायचं, मुंबईचं नाही. कुठल्याही रडारपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या पलीकडे रिकाम्या नकाशाला "पाऊस नाही" असं वाचू नये.

थेंबांच्या आकाराचाही घोळ आहे, आणि तो मला या सगळ्या विषयातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो. प्रतिध्वनीचा जोर थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घातावर अवलंबून असतो. म्हणजे 2 मिलिमीटरचा एक थेंब 1 मिलिमीटरच्या थेंबापेक्षा 64 पट जोरात उत्तर देतो. म्हणून रडारला 64 बारीक थेंब आणि एक मोठा थेंब सारखेच दिसतात. पण पाणी मोजा. मोठ्या थेंबात बारीक थेंबाच्या 8 पट पाणी आहे. 64 बारीक थेंबांत 64 पट. म्हणजे चित्रात रंग तोच, पाणी मात्र आठपट.

हे उदाहरण मुद्दाम टोकाचं घेतलं. खऱ्या पावसात सगळ्या आकारांचे थेंब मिसळलेले असतात. पण कल महत्त्वाचा आहे. समुद्रावरून येणाऱ्या पावसात बारीक थेंब भरपूर असतात, वळवाच्या पावसात टपोरे. प्रतिध्वनीवरून पाऊस काढायचं सगळ्यात प्रसिद्ध सूत्र मार्शल आणि पामर यांच्या नावाने ओळखलं जातं:

```
Z = 200 R^1.6
```

यात Z म्हणजे प्रतिध्वनी आणि R म्हणजे तासाला किती मिलिमीटर पाऊस. या सूत्राने 40 dBZ म्हणजे तासाला साधारण साडेअकरा मिलिमीटर. उष्ण प्रदेशातल्या दमट पावसासाठी `Z = 250 R^1.2` असं सूत्र वापरतात. त्याने तोच 40 dBZ तासाला साडेएकवीस मिलिमीटरच्या आसपास जातो. रंग एक, पाऊस जवळजवळ दुप्पट. श्रीवर्धनच्या आपल्या वीस मिनिटांच्या सरीत एका सूत्राने 4 मिलिमीटर पडले, दुसऱ्याने 7. एका सरीत त्याने काही बिघडत नाही. महाडला तीन तास बसलेल्या डागात मात्र 35 आणि 65 मिलिमीटर यांतला फरक पडतो. म्हणून रडारचा आकडा जवळच्या पर्जन्यमापकाशी ताडून बघतात. आपल्यासाठी धडा एवढाच: पाऊस कधी येणार हे चित्रावरून जितकं नीट कळतं, किती पडणार हे तितकं नाही.

मग आत्ताच्या चित्रावर विश्वास ठेवायचा की नाही, हे कसं ठरवायचं? यासाठी मी एक सोपी परीक्षा घेतो. तज्ज्ञही आपल्या अंदाजांची तपासणी याच तत्त्वाने करतात. अर्ध्या तासापूर्वीचं चित्र घ्यायचं. आपल्याला पुढचं काही माहीत नाही असं समजून त्यातला पाऊस अर्धा तास पुढे ढकलायचा. मग आत्ताचं चित्र उघडून बघायचं. श्रीवर्धनच्या उदाहरणात 2:00 च्या चित्रात कड 48 किलोमीटरवर असेल, वेग 48, तर 2:30 ला ती 24 वर असायला हवी. ती तिथेच आहे, पट्ट्याचा आकार ओळखू येतोय आणि रंगही साधारण तेच आहेत, म्हणजे या दुपारी पाऊस शहाण्यासारखा वागतोय. पुढचा अर्धा तासही तो बहुतेक तसाच वागेल. पण आत्ताच्या चित्रात जिथे काहीच यायला नको होतं तिथे नवे ठिपके उगवले असतील, किंवा जो डाग यायला हवा होता तो अर्धा विरला असेल, तर आज सरकण्यापेक्षा जन्म-मरण जास्त चाललंय. त्या दिवशी पुढे ढकललेलं चित्र बाजूला ठेवावं. दोन मिनिटांचं काम आहे.

आता काकांच्या भाताकडे येतो. त्या दिवशी ही परीक्षाही उपयोगी पडली नसती, कारण अर्ध्या तासापूर्वीचं चित्रही कोरंच होतं. कोरं चित्र कितीही पुढे ढकला, कोरंच राहतं. ऑक्टोबरचा पाऊस समुद्रावरून चालत येत नाही, तो डोक्यावर तयार होतो. वरचा वारा तोपर्यंत पूर्वेकडून वाहू लागलेला असतो. सकाळभर ऊन तापतं, दुपारी समुद्रावरून खारा वारा आत शिरतो, आणि डोंगराच्या आसपास तो जमिनीकडच्या हवेला भिडला की हवा वर उसळते. कुठेच काही नसताना वीस-तीस मिनिटांत गडगडणारा ढग उभा राहतो आणि पूर्वेकडून पश्चिमेला, म्हणजे पावसाळ्याच्या नेमका उलटा, किनाऱ्याकडे कलंडतो.

मी नंतर त्या दुपारची चित्रं परत काढून बघितली. 2:10 ला म्हसळ्याच्या पूर्वेला एक छोटा ठिपका होता, नखाएवढा. 2:20 ला तो दुप्पट झाला होता आणि मधला रंग पिवळ्यावर गेला होता. पण मला सगळ्यात लागलेली गोष्ट वेगळी होती. हवामान विभागाच्या MAX(Z) या चित्राच्या वरच्या आणि उजव्या बाजूला एकेक पट्टी असते, आकाशाचा उभा छेद दाखवणारी. नकाशाकडे बघताना आपण ती सोडून देतो. 2:10 ला त्या पट्टीत प्रतिध्वनी जमिनीला टेकलेलाच नव्हता, तो पाच-सहा किलोमीटरवर लटकत होता. थेंब वर तयार होत होते, अजून खाली उतरायचे होते. असा लटकता प्रतिध्वनी दिसला की पाऊस जमिनीवर यायला साधारण दहा-पंधरा मिनिटं असतात. जुलैच्या बुटक्या पावसात ही पट्टी फारसं काही सांगत नाही. ऑक्टोबरात मात्र पहिली खबर तिच्यातूनच मिळते. मी दीडला एकदा चित्र बघून फोन ठेवला होता. 2:10 चं चित्र हाती येताच, म्हणजे 2:22 च्या सुमारास, परत बघितलं असतं तर काकांना पंधरा-अठरा मिनिटं मिळाली असती. सगळे भारे बांधून झाले नसते, पण बांधलेले तरी उडवीपाशी झाकता आले असते. भिजलेलं भात नंतर चार दिवस उन्हाला पसरावं लागलं, आणि खालच्या थरातल्या दाण्यांना कोंब आले ते आलेच.

आता ऑक्टोबरात त्यांचा फोन आला की मी चित्र उघडण्याआधी त्यांना विचारतो, "डोंगराकडे ढग आहे काय?" ते डोळ्यांवर हात आडवा धरून पूर्वेकडे बघतात. "आहे, पण चपटा आहे" म्हणाले तर मी दर वीस मिनिटांनी चित्र बघत राहतो. "फुलकोबीसारखा वर चढतोय" म्हणाले तर चित्र कोरं असलं तरी सांगतो, आधी झाका, मग बांधा. गेल्या वर्षी तसं दोनदा झालं. एकदा तो ढग तिकडेच ताम्हिणीच्या बाजूला विरून गेला आणि ताडपत्री उगाच घातली गेली. दुसऱ्या वेळी शेवटची दोरी बांधून काका पडवीत येतात तोच पहिले टपोरे थेंब पडले.